अमावास्येला चंद्राच्या पाठीवर भर दुपार असते! मग 'डार्क साइड' नेमकी कुठली?

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा पेढ्यांच्या फोटोंसोबत एक मेसेजही जोरात फिरत होता. भारत चंद्राच्या 'काळोख्या बाजूला' पोहोचला, असं त्यात लिहिलं होतं. उतरणं खरं, अभिमानही खरा, पण 'काळोखी बाजू' हा भाग चुकीचा होता. विक्रम लँडर उतरला ती जागा चंद्राच्या दक्षिणेकडे, साधारण ६९ अंश अक्षांशावर आहे, आणि ती आपल्याकडे तोंड असलेल्या बाजूलाच आहे. म्हणून तर विक्रमला पृथ्वीशी थेट बोलता आलं. आणि तो उतरला तेव्हा तिथे सकाळ होती.

या गोंधळात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात: चंद्राची आपल्याला न दिसणारी बाजू, चंद्राची रात्र असलेली बाजू आणि चंद्राचे ध्रुव. त्या वेगळ्या केल्या की कोडं बरंचसं सुटतं. शिवाय 'आपल्याला चंद्र अर्धाच दिसतो' हे वाक्यही पूर्ण खरं नसल्याचं लक्षात येतं.

ससा नेहमी तसाच का दिसतो?

चंद्रावरचा ससा (किंवा हरीण, ज्याला जे दिसेल ते) आजीला दिसला तसाच आपल्याला दिसतो. चंद्र आपली एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो, म्हणून. यावरून अनेकांना वाटतं की चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही. पण तो फिरतो, आणि नेमक्या त्याच वेगाने फिरतो ज्या वेगाने तो पृथ्वीला फेरी घालतो. दोन्हींना साधारण २७.३ दिवस लागतात.

हे समजायला तुळशीवृंदावनाची प्रदक्षिणा आठवा. प्रदक्षिणा घालताना तुमचा उजवा खांदा कायम तुळशीकडे असतो. तुळशीला तुमचा डावा खांदा कधीच दिसत नाही. पण अंगणाबाहेरून पाहणाऱ्याला विचारा. एका फेरीत तुमचं तोंड पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला आणि उत्तरेला, असं चारही दिशांना होऊन गेलं. म्हणजे एका प्रदक्षिणेत तुम्ही स्वतःभोवती बरोबर एकदा फिरलात.

चंद्राला ही शिस्त पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने लावली. आपल्या समुद्राला चंद्रामुळे भरती येते, तसाच ताण पृथ्वीमुळे चंद्राच्या खडकाळ गोळ्यालाही बसतो आणि तो किंचित लांबट होतो. पूर्वी चंद्र वेगाने गरगरत असताना हा फुगवटा सतत पुढे सरकायचा आणि पृथ्वी त्याला मागे ओढायची. ओढाताणीत वेग कमी होत गेला आणि शेवटी एक बाजू पृथ्वीकडे स्थिरावली. याला टायडल लॉकिंग म्हणतात.

पण सूर्याशी तसं काही ठरलेलं नाही

आता त्याच अंगणात सकाळचं ऊन पूर्वेकडून येतंय असं समजा. तुम्ही वृंदावनाच्या पूर्वेला असाल, तेव्हा तुळशीला न दिसणारा तुमचा डावा खांदा उन्हात असेल. पश्चिमेला पोहोचलात की उजव्या खांद्यावर ऊन येईल. तुळशीपासून लपलेली बाजू आणि सावलीतली बाजू फेरीतल्या एकाच टप्प्यावर एक होतात. बाकी वेळ त्या वेगवेगळ्या असतात.

चंद्राचंही असंच आहे. त्याच्यावरच्या कोणत्याही ठिकाणी, ते पुढच्या बाजूला असो की पाठीमागे, सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. म्हणजे जवळपास पंधरा दिवस ऊन आणि पंधरा दिवस रात्र. (साडेसत्तावीसही नाहीत, साडेएकोणतीस. कारण चंद्र फेरी पूर्ण करेपर्यंत पृथ्वी सूर्याभोवती थोडी पुढे सरकलेली असते. आपल्या अमावास्या ते अमावास्या महिन्याचं मापही हेच.)

पौर्णिमेला आपल्याकडची बाजू पूर्ण उजळते आणि पाठीवर रात्र असते. अमावास्येला उलट. चंद्र तेव्हा सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये असतो, त्यामुळे आपल्याकडची बाजू अंधारात जाते आणि पाठीवर भर दुपार होते. आपल्या दृष्टीने जी महिन्यातली सगळ्यात काळी रात्र, ती त्या बाजूची सगळ्यात उजळ वेळ.

याचा फोटोही आहे. अमेरिकेचा डिस्कव्हर हा उपग्रह पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर असतो आणि सतत पृथ्वीची दिवसाची बाजू टिपतो. १६ जुलै २०१५ ला, म्हणजे अमावास्येच्या वेळी, चंद्र त्याच्या कॅमेऱ्यासमोरून गेला. त्या फोटोंत निळ्या पृथ्वीसमोर एक राखाडी गोळा सरकताना दिसतो. पूर्ण उन्हात न्हालेला, आणि ओळखीचा एकही डाग नसलेला. ती चंद्राची पाठ. फोटो खोटा वाटतो, कारण आपल्याला चंद्राचे काळे डाग बघायची सवय आहे. ते डाग म्हणजे गोठलेल्या लाव्हाची विशाल मैदानं. आपल्याकडच्या बाजूचा जवळपास एक तृतीयांश भाग त्यांनी व्यापलाय, पाठीवर ती जेमतेम एक-दोन टक्के आहेत.

सगळ्यांनी ऊन बघूनच वेळ साधली

पाठ खरंच काळोखात असती, तर १९५९ मध्ये तिचा पहिला फोटो निघालाच नसता. सोव्हिएत संघाच्या लुना-३ यानाने ७ ऑक्टोबर १९५९ ला सुमारे ६५ हजार किलोमीटरवरून, चाळीस मिनिटांत २९ फोटो काढले. फिल्म यानातच धुतली गेली, स्कॅन झाली आणि चित्रं रेडिओवरून पृथ्वीवर आली. तारीख बघा. त्याआधी पाचच दिवस, २ ऑक्टोबरला, खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, म्हणजे अमावास्या होती. त्यामुळे फोटो काढताना पाठीचा बहुतांश भाग उन्हात होता. पाठीचा सुमारे ७० टक्के भाग त्या फोटोंत आला आणि साधारण तेवढ्याच भागावर तेव्हा दिवस होता.

चीनचंही गणित तेच. चांग-ई ४ हे यान ३ जानेवारी २०१९ ला पाठीमागच्या बाजूला उतरलं. तिथे उतरणारं ते पहिलं यान. अमावास्या होती ६ जानेवारीला. उतरण्याच्या जागी तेव्हा सकाळ होती. काही दिवसांतच ऊन इतकं चढलं की त्यातल्या युटू-२ या रोव्हरला दुपारची वामकुक्षी घ्यायला लावली गेली. 'काळोख्या बाजूला' पोहोचलेल्या गाडीची पहिली अडचण उन्हाची होती! चांग-ई ६ ने २०२४ मध्ये पाठीवरची माती पृथ्वीवर आणली. तेही जूनच्या अमावास्येच्या चार-पाच दिवस आधी, तिथली सकाळ गाठून उतरलं.

मग 'डार्क' हा शब्द आला कुठून? इंग्रजीत 'डार्क'चा एक अर्थ 'अज्ञात' असाही होतो, आणि १९५९ पर्यंत ती बाजू अज्ञातच होती. शिवाय रेडिओच्या दृष्टीने ती आजही बंद खोली आहे. मध्ये अख्खा चंद्र आडवा असल्यामुळे तिथून पृथ्वीशी थेट संपर्क होत नाही. चांग-ई ४ साठी चीनला आधी एक रिले उपग्रह चंद्राच्या पलीकडे नेऊन ठेवावा लागला. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या अल्बमने हे नाव घरोघरी पोहोचवलं.

तरीही एका बाबतीत पाठीवरची रात्र खरोखर जास्त काळी असते. द्वितीया-तृतीयेच्या कोरीसोबत चंद्राचा उरलेला गोलही अंधुक दिसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेला उजेड. आपल्याकडच्या बाजूला रात्री असं 'पृथ्वीचं चांदणं' मिळतं. पाठीवरून पृथ्वी दिसतच नाही, त्यामुळे तिथल्या रात्रीत फक्त तारे.

आणि कायमचा अंधार? तो चंद्रावर आहे, पण ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी. चंद्राचा अक्ष सूर्याच्या संदर्भात फक्त दीड अंश कललेला आहे. ध्रुवावर सूर्य जेमतेम क्षितिजावर रेंगाळतो आणि विवराच्या तळापर्यंत किरण पोहोचत नाही. ही विवरं दोन्ही ध्रुवांवर आहेत, पुढच्या बाजूलाही आणि मागच्याही.

अर्धा नाही, ५९ टक्के

आता दुसरा भाग. चंद्र एकच बाजू आपल्याकडे ठेवतो, तर आपल्याला त्याचा ५० टक्के पृष्ठभाग दिसायला हवा. एका क्षणाला तर त्याहून किंचित कमीच दिसतो. पण महिनोन्‌महिने पाहत राहिलात, तर एकूण ५९ टक्के दिसून जातो. ४१ टक्के भाग कायम दिसणारा, ४१ टक्के पृथ्वीवरून कधीच न दिसणारा, आणि मधला १८ टक्क्यांचा पट्टा कधी डोकावणारा, कधी लपणारा.

याचं कारण चंद्र आपल्या नजरेला डुलताना दिसतो. या डोलण्याला लायब्रेशन म्हणतात. लॅटिनमध्ये लिब्रा म्हणजे तराजू, आणि तराजूची दांडी वर-खाली होते तसं हे. पण चंद्र प्रत्यक्ष डुलत नाही (प्रत्यक्ष डोलणं आहे, पण अगदी नगण्य). आपली बघण्याची दिशा बदलते.

सगळ्यात मोठं डोलणं डावी-उजवीकडचं. चंद्राची कक्षा लंबगोल आहे. पृथ्वीच्या सर्वात जवळ, म्हणजे उपभूला असताना तो सुमारे ३ लाख ६३ हजार किलोमीटरवर असतो, आणि सर्वात दूर, म्हणजे अपभूला, सुमारे ४ लाख ५ हजारांवर. जवळ असताना तो कक्षेत जोरात पळतो, दिवसाला साधारण १५ अंश. दूर गेला की १२ अंशांच्याही खाली येतो. पण स्वतःभोवतीचं फिरणं मात्र घड्याळासारखं एकसारखं, दिवसाला १३ अंशांच्या आसपास. दोन वेग महिन्याच्या शेवटी जुळतात, मधल्या काळात जुळत नाहीत.

उपभूपासून एक आठवडा पुढे जाऊन बघा. चंद्र स्वतःभोवती पाव फेरी, म्हणजे ९० अंश फिरला. पण कक्षेत तो तोपर्यंत ९६ ते ९८ अंश गेलाय. फिरणं मागे पडलं, धावणं पुढे गेलं. त्यामुळे चंद्राच्या पूर्व कडेच्या मागचा ६ ते ८ अंशांचा तुकडा आपल्याला दिसू लागतो. अपभूनंतर आठवड्याने बरोबर उलट होतं आणि पश्चिम कडेमागचा तुकडा दिसतो. प्रदक्षिणेच्या भाषेत, चाल वाढवून पुढे गेलात पण वळायला थोडा उशीर केला, तर तुळशीला तुमच्या खांद्यासोबत थोडी पाठही दिसेल.

वर-खालचं डोलणं वेगळ्या कारणाने होतं. चंद्राचा अक्ष त्याच्या कक्षेच्या पातळीला काटकोनात नाही, सुमारे पावणेसात अंशांनी कललेला आहे. त्यामुळे फेरीच्या अर्ध्या भागात त्याचा उत्तर ध्रुव थोडा आपल्याकडे झुकतो, उरलेल्या अर्ध्यात दक्षिण ध्रुव.

तिसरं डोलणं सगळ्यात छोटं, पण मला सगळ्यात गंमतीचं वाटतं, कारण ते आपल्या फिरण्यामुळे होतं. चंद्र उगवल्यापासून मावळेपर्यंत पृथ्वी तुम्हाला हजारो किलोमीटर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेते. तेवढ्याने नजर प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त एका अंशाने बदलते. म्हणजे चंद्र क्षितिजावर असताना त्याच्या वरच्या कडेपलीकडचं किंचित जास्त दिसतं.

स्वतः बघायचं असेल तर

साध्या डोळ्यांना हे जाणवणं कठीण आहे. पण एक साधी दुर्बीण आणि एक ठरलेला डाग पुरेसा आहे. तो डाग म्हणजे मेअर क्रिसियम, कडेजवळचा एक सुटा, काळसर लंबगोल. तृतीया-चतुर्थीच्या संध्याकाळी पश्चिमेला पाहिलंत, तर तो उजळ कडेलगत, खालच्या बाजूला किंचित उजवीकडे असतो. पौर्णिमेचा चंद्र उगवताना तोच डाग वरच्या कडेला, थोडा डावीकडे दिसतो. कृष्ण द्वितीया-तृतीयेपर्यंत तो उन्हात असतो, मग तिथे रात्र होते.

क्रिसियमचा मध्य चंद्राच्या मध्यरेखेपासून ५९ अंश पूर्वेला आहे. लायब्रेशनने तो जास्तीत जास्त ८ अंश आत आला, तर आपल्याला ५१ अंशांवर दिसेल. ८ अंश बाहेर गेला, तर ६७ अंशांवर. आकडे जवळचे वाटतात, पण गोळ्याच्या कडेला सगळं चेपलेलं दिसतं, त्यामुळे परिणाम मोठा होतो. २० सेंटिमीटर व्यासाचा चंद्राचा प्रिंट समोर ठेवा. पहिल्या स्थितीत क्रिसियमचा मध्य कडेपासून साधारण २ सेंटिमीटर आत असेल, दुसऱ्या स्थितीत जेमतेम पाऊण सेंटिमीटर. जवळपास तिप्पट फरक! (याच चेपण्यामुळे क्रिसियम उत्तर-दक्षिण उभट दिसतो. खरं तर तो पूर्व-पश्चिम जास्त रुंद आहे.)

करायचं इतकंच. एखाद्या मून अ‍ॅपवर उपभू आणि अपभूच्या तारखा बघा. उपभूनंतर साधारण आठवड्याने एक फोटो काढा, आणि अपभूनंतर आठवड्याने दुसरा. दोन्ही वेळी क्रिसियम उन्हात असायला हवा, त्यामुळे दोन फोटो एकाच महिन्यातले मिळतीलच असं नाही. काही महिने थांबावं लागू शकतं.

यात हमखास होणारी एक फसगत म्हणजे, रात्रभरात चंद्राची थाळी आपल्या नजरेला फिरलेली दिसते. उगवताना वर असलेला डाग मावळताना खाली गेलेला असतो. हे लायब्रेशन नव्हे, आपली मान वळली इतकंच. म्हणून दोन फोटो आधी एकाच दिशेला फिरवून, एकाच आकाराचे करून घ्या आणि फक्त डागाचं कडेपासूनचं अंतर मोजा. खात्रीसाठी विरुद्ध कडेजवळचा ग्रिमाल्डी हा गडद लंबगोल पाहा. क्रिसियम आत आला असेल, तर ग्रिमाल्डी कडेकडे सरकलेला हवा. गॅलिलिओने १६३० च्या दशकात हेच केलं होतं. विरुद्ध कडांजवळचे हेच दोन डाग पकडून त्याने चंद्राच्या डोलण्याची नोंद केली. तेव्हा त्यांना ही नावंही नव्हती.

डोकावलं म्हणजे कळलं असं नाही

त्या १८ टक्क्यांच्या पट्ट्याची मर्यादा मेअर ओरिएंटालेच्या गोष्टीत दिसते. सुमारे ९३० किलोमीटर रुंद, धनुर्विद्येच्या लक्ष्यासारखी एकात एक वर्तुळं असलेली ही चंद्रावरची सर्वात ठसठशीत आघात-खोरी. पण तिचा मध्य बरोबर कडेवर, ९३ अंश पश्चिमेला आहे. ती दिसायला पश्चिम कड आपल्याकडे झुकलेली हवी आणि त्याच वेळी तिथे ऊनही हवं, म्हणजे कृष्ण पक्ष हवा. हे दोन्ही काही महिने सलग जुळतं आणि मग अनेक महिने जुळत नाही.

जुळलं तरी काय दिसतं? कडेवर दोन-चार काळ्या रेघा आणि काही डोंगरांची आडवी रांग. जर्मन खगोलशास्त्रज्ञ युलिउस फ्रान्त्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या रेघांना 'पूर्वेचा समुद्र' अशा अर्थाचं हे नाव दिलं. पुढे १९६१ मध्ये चंद्रावरच्या दिशा तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने धरायचं ठरलं, आणि पूर्वेचा समुद्र पश्चिम कडेला जाऊन पडला. नाव तेच राहिलं.

ही खोरी नेमकी काय आहे हे कळलं ते अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात. तिथे दुर्बिणीतून घेतलेले चंद्राचे फोटो एका पांढऱ्या गोळ्यावर प्रक्षेपित केले जात आणि मग तो गोळा बाजूने पाहिला जाई. त्यामुळे कडेवर चेपलेला भाग समोरून पाहिल्यासारखा उलगडायचा. त्या चित्रांत विल्यम हार्टमन आणि जेरार्ड कायपर यांना रेघांच्या जागी एकात एक कड्यांची वर्तुळं दिसली. १९६२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. अख्खं लक्ष्य थेट वरून पाहायला मात्र १९६७ मध्ये लुनार ऑर्बिटर ४ हे यान चंद्राच्या कक्षेत जावं लागलं.